दिलेलं मांजर परत येतंय? आधी सांगा, कितव्या दिवशी आलं

आमच्या आजीच्या गावी एक गोष्ट ठरलेली होती. उपद्रवी बोका पोत्यात घालून नदीपलीकडे सोडायचा आणि तिसऱ्या दिवशी तो चुलीपाशी अंग चाटत बसलेला दिसायचा. आता मांजर तसं चालत येत नाही. ते कॅरियरमध्ये बसून, नेणाऱ्यांच्याच गाडीतून येतं. सोबत ओशाळलेले चेहरे असतात आणि अर्धी उरलेली खाण्याची पिशवी असते. "सॉरी, आमच्याकडे नाही जमलं तिला."

गेली काही वर्षं पुण्यात ओळखीपाळखीतल्या मांजरांना घरं शोधून द्यायचं काम मी नोकरी सांभाळून करते. "दिलं आणि परत आलं" असा फोन आला की देणाऱ्यांचा सूर बहुधा एकच असतो: माणसं वाईट निघाली, नाहीतर आमचं मांजरच हट्टी. मी त्यावर काही बोलत नाही. फक्त विचारते, कितव्या दिवशी परत आलं?

या एका उत्तरावरून बिघाड कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं. पहिल्या आठवड्यात परत आलं तर चूक बहुतेक वेळा नेण्याच्या पद्धतीत असते. मांजरात नसते आणि माणसांतही नसते. दोन-तीन आठवड्यांनी आलं तर देताना काहीतरी सांगायचं राहिलेलं असतं, किंवा मुद्दाम लपवलेलं असतं. सहा महिन्यांनी, वर्षाने आलं तर घर निवडतानाच एखादा प्रश्न विचारायचा राहिलेला असतो. पहिला प्रकार सगळ्यात जास्त दिसतो आणि सुधारायला सगळ्यात सोपा आहे, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

भुरीची गोष्ट

कोथरूडच्या एका वहिनींची मांजरी, भुरी. वय पाच, नसबंदी झालेली, वजन 4.2 किलो, जन्मापासून घरातच. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि त्या वॉकर घेऊन चालायला लागल्या. भुरीला वॉकरचे पाय फारच आवडले. आजी उठल्या की ही लगेच त्याला अंग घासत मधून मधून जायची. दोनदा आजी पडता पडता वाचल्या. गळ्यात घुंगरू बांधून झालं. दिवसा तिला आतल्या खोलीत कोंडून पाहिलं, तर ती दारावर नखं मारत ओरडायची आणि आजींना झोप लागेना. घर दोनच खोल्यांचं. महिनाभर सगळं करून पाहिल्यावर वहिनींनी ठरवलं की भुरीला दुसरं घर शोधायचं.

हे कारण खरं होतं. दरवेळी तसं नसतं, म्हणून घर शोधण्याआधी मी कारण जरा खोदून पाहते. "सून गरोदर आहे, डॉक्टरांनी मांजर काढायला सांगितलं" हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. मांजरीच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो, हे खरं आहे. पण त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगी व्हायला किमान एक दिवस लागतो, बऱ्याचदा त्याहून जास्त. तिच्या सू-शीचा ट्रे रोज साफ केला, तोही घरातल्या दुसऱ्या माणसाने, तर घरात राहणाऱ्या आणि कच्चं मांस न खाणाऱ्या मांजरीकडून धोका फार कमी राहतो. अर्धवट शिजलेलं मटण आणि न धुतलेली भाजी याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. एवढं डॉक्टरांशी बोलून घेतलं की त्यातल्या काही मांजरी घरातच राहतात. काही घरांत निर्णय आधीच झालेला असतो, तिथे मी वाद घालत नाही. नको असलेलं मांजर जबरदस्तीने ठेवायला लावून कोणाचंच भलं होत नाही.

तर भुरी. वहिनींच्या मैत्रिणीच्या ओळखीतून वाकडचं एक तरुण जोडपं मिळालं. माणसं चांगली, हौसेने मांजर मागणारी. शनिवारी संध्याकाळी घेऊन गेली आणि बुधवारी रात्री परत घेऊन आली. "काही खात नाही, रात्रभर ओरडते, सोफ्यावर सू केली, हात लावायला गेलो तर ओरबाडलं." वहिनी रडत मला म्हणाल्या, "आमची भुरी अशी नाहीच."

मी त्या मुलाला फोन लावला. रागावले नाही, फक्त क्रमाने विचारत गेले. तिला नेलं कशातून? चेनच्या कापडी पिशवीतून, दुचाकीवर. घरी पोचल्यावर कुठे सोडलं? हॉलमध्ये, सगळं घर बघू दे म्हणून. रविवारी काय झालं? मित्र आले, सगळ्यांना मांजर बघायचं होतं. ती वॉशिंग मशीनच्या मागे शिरली, म्हणून हाताने ओढून बाहेर काढली. ट्रे कुठे होता? ड्राय बाल्कनीत, त्याच मशीनशेजारी. ट्रेमधलं लिटर, म्हणजे माती, कोणतं? सुगंधी क्रिस्टलचं, नवं कोरं. खाणं? जुनं संपलं होतं, म्हणून दुसऱ्या कंपनीचं आणलं.

आता हे तिच्या बाजूने बघा. मांजर माणसापेक्षा जागेला आणि वासाला जास्त धरून असतं. एका तासात तिची जागा, वास, ट्रेमधली माती, खाणं आणि माणसं, सगळंच बदललं. लपायला एकच कोपरा सापडला, तिथूनही ओढून काढलं. मग त्याच कोपऱ्याशेजारी असलेल्या ट्रेकडे ती कशी जाणार? मशीन स्पिनला लागलं की अख्खी बाल्कनी थरथरते. सोफा मऊ, कोरडा आणि शांत होता. ओरबाडणं, सोफ्यावरची सू, रात्रीचं ओरडणं या तीन तक्रारींचं मूळ एकच होतं.

खाणं बंद होणं ही मात्र वेगळी आणि गंभीर बाब आहे. मी दुसऱ्या दिवशी तिचं वजन केलं. हातात घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं. ती 3.9 किलो भरली. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि यकृत काम करेनासं होतं. जाड मांजरांना हा धोका सगळ्यात जास्त. त्यामुळे "भूक लागली की खाईल" हा कुत्र्याचा नियम मांजराला लावू नका. चोवीस तास तोंडाला काहीच लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा आणि अठ्ठेचाळीस तास झाले तर घेऊनच जायचं. भुरीला डॉक्टरांनी सलाइन दिलं, भूक लागण्याचं औषध दिलं, आणि वहिनींच्या घरी दोन दिवसांत ती पूर्ववत जेवायला लागली.

बोका असेल तर आणखी एक खूण लक्षात ठेवा. तो वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय आणि सू होत नाही, असं दिसलं तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. ताणाखाली हे होतं. तिथे सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच्या रात्री डॉक्टर गाठायचा.

दुसऱ्या वेळी काय बदललं

दुसरं घर शोधताना पहिली गोष्ट केली ती जाहिरात. वहिनींनी आधी लिहिलं होतं: "अतिशय गोड, शांत, सगळ्यांशी मिळून मिसळून राहणारी मांजरी मोफत द्यायची आहे." यातलं "मोफत" आणि "सगळ्यांशी" हे दोन्ही काढले. नवा मजकूर असा झाला:

"भुरी, वय 5 वर्षं, मांजरी, राखाडी. नसबंदी झालेली, तिहेरी लस आणि रेबीजची लस दिलेली, कार्ड सोबत मिळेल. घरातल्या आजी वॉकरने चालतात आणि ही पायात येते, म्हणून नवं घर शोधतोय. मांडीवर बसत नाही, शेजारी बसते. पोटाला हात लावलेला चालत नाही. पहाटे पाचला उठवते. दुसरं मांजर कधी पाहिलेलं नाही. लहान मुलं नसलेलं, खिडक्यांना जाळी असलेलं घर हवं. घरी येऊन भेटल्याशिवाय देणार नाही."

वहिनी म्हणाल्या, असं लिहिलं तर कोण घेईल? पहिल्या जाहिरातीला चाळीस फोन आले होते, या वेळी सहा आले. पण हे सहाही जण भुरीबद्दल बोलत होते. तिसऱ्या आठवड्यात परत येणारी मांजरं बहुतेक इथेच वाचतात. "सोफा ओरबाडते हे सांगितलं असतं तर आम्ही घेतलंच नसतं" हे वाक्य मी पुष्कळ वेळा ऐकलंय, आणि बोलणाऱ्याचं त्यात काही चुकत नाही. आधी कधी ट्रेबाहेर सू केली असेल, चावली असेल, एखादं औषध चालू असेल, तर ते पहिल्याच फोनवर सांगा. फोन ठेवला गेला तर गेला.

एक सूचना, विशेषतः पर्शियन किंवा लांब केसांची मांजरं देणाऱ्यांना. नसबंदी न झालेली मादी फुकट मिळते म्हटल्यावर पिल्लं काढून विकणारे लगेच फोन करतात. ते स्वभाव विचारत नाहीत. पहिला प्रश्न असतो, "स्पे झालीय का?" आणि "हो" म्हटलं की फोन बंद. म्हणून देण्याआधी नसबंदी स्वतःच करून घ्या. "आम्ही करून घेऊ" या आश्वासनावर मांजर देऊ नका.

सहा फोनांपैकी तिघांना मी भेटायला बोलावलं. मी चौकशी उलटतपासणीसारखी करत नाही. चहा पिता पिता गप्पा मारते आणि "हो-नाही" अशी उत्तरं येतील असे प्रश्न टाळते. "तुम्ही खिडकीला जाळी लावाल का?" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी "आधीच्या मांजराचं काय झालं?" असं विचारते. एक गृहस्थ सहज बोलून गेले, "तो गेला एक दिवस, परत आलाच नाही. त्याआधीचाही असाच." दोन्ही बोके चौथ्या मजल्यावरून गेले होते. ते दुष्ट नव्हते, पण माझ्या लेखी तिथेच उत्तर मिळालं.

दुसरा प्रश्न: गावाला गेलात तर हिच्याकडे कोण बघेल? इथे नाव हवं. "बघू, कोणीतरी मिळेल" म्हणजे कोणीच नाही. तिसरा प्रश्न मी घरातल्या सगळ्यात गप्प बसलेल्या माणसाला विचारते: तुम्हाला काय वाटतं? मुलीने हट्ट करून मांजर आणलं आणि आईला ते नकोच होतं, तर सहा महिन्यांनी मुलगी शिकायला बाहेरगावी गेली की मांजर परत येतं. आणि भाड्याचं घर असेल तर अकरा महिन्यांचा करार कधी संपतोय, नवं घर शोधताना मांजर चालेल असंच शोधाल का, हेही विचारते. मालकाला माहीत आहे का, हे तर आधी. "त्यांना कळणार नाही" असं उत्तर आलं तर मी तिथेच थांबते. वर्षाने परत येणाऱ्या मांजरांची गोष्ट जवळपास नेहमी या दोन ठिकाणी, गप्प माणूस आणि भाडेकरार, येऊन थांबते.

शेवटी निवडल्या त्या चिंचवडच्या निवृत्त शिक्षिका. सोबत त्यांचा धाकटा भाऊ राहतो. घर स्वतःचं, तिसऱ्या मजल्यावर. आधीची मांजरी पंधरा वर्षांची होऊन गेली आणि तिचे शेवटचे किडनीचे महिने कसे काढले ते त्यांनी न विचारता सांगितलं. मी घरी जाऊन पाहिलं. बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी होती. बाई म्हणाल्या, जाळी आहेच की. मी वाकून खालची कड ओढून पाहिली, हुकातून वीतभर सुटली. नायलॉन मांजर दातांनी तोडू शकतं, आणि जिथून डोकं जातं तिथून बहुधा अंगही जातं. स्वयंपाकघराच्या सरकत्या खिडकीला डासांची जाळी होती. मांजर ती पंजाने सरकवतं. आठवड्याभरात बाईंनी बाल्कनीला स्टीलची जाळी लावून घेतली आणि सरकत्या जाळीला कडी. फोटो नको, मी परत येऊन बघते, असं म्हटल्यावर त्यांना रागही आला नाही.

मांजराचे पैसे घ्यावेत का, यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत. मी घेत नाही. पण मांजर घरात येण्याआधी नेणाऱ्याने कॅरियर, ट्रे आणि महिन्याभराचं लिटर स्वतः घेऊन ठेवायचं, ही अट ठेवते. ज्याला एवढा खर्च जड वाटतो त्याला पहिल्या आजारपणातली डॉक्टरची फी त्याहून जड जाणार.

देवाणघेवाण एका दिवसात नाही, दोन आठवड्यांत

पहिल्या आठवड्यात बाईंचा नवा कॅरियर वहिनींकडे आणून ठेवला. दार उघडं, आत भुरीचं जुनं फडकं, आणि रोजचं संध्याकाळचं खाणं त्यातच. चौथ्या दिवशी ती स्वतःहून आत जाऊन झोपायला लागली. एरवी कॅरियर म्हणजे डॉक्टर असंच मांजराला कळलेलं असतं, ती जोड तुटली की अर्धा गोंधळ वाचतो. याच आठवड्यात बाईंची एक जुनी ओढणी भुरीच्या झोपायच्या जागेजवळ ठेवली, आणि भुरीच्या गालांवरून फिरवलेलं सुती फडकं बाईंच्या खोलीतल्या टेबलाच्या पायांना पुसलं. मांजर ओळखीच्या वस्तूंवर गाल घासून स्वतःचा वास लावतं. नव्या खोलीत तो वास आधीच असेल तर ती सगळी परकी वाटत नाही. बाई दोनदा येऊन गेल्या, दोन्ही वेळा भुरीला हात न लावता वहिनींशी गप्पा मारत बसल्या. दुसऱ्या वेळी भुरीने येऊन त्यांची पिशवी हुंगली.

नेण्याचा दिवस मी शक्यतो सकाळचा, घरात माणसं असतील असा पण पाहुणे नसतील असा ठरवते. दिवाळी, गणपती, बारसं यांच्या आसपास नाही. प्रवासाच्या तीन-चार तास आधी खाणं बंद, म्हणजे वाटेत उलटी होत नाही. कॅरियरवर पातळ चादर टाकून रिक्षाने. गुंगीचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. फार घाबरणाऱ्या मांजरासाठी डॉक्टर वजन बघून गोळी लिहून देतात, ती आधी एकदा घरी देऊन पाहायची. आणि माणसांच्या गोळ्या तर अजिबातच नकोत, पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

बाईंकडे भुरीसाठी मागची छोटी खोली केली होती. एका कोपऱ्यात ट्रे, समोरच्या कोपऱ्यात पाणी आणि वाटी, कारण खाण्याशेजारी ट्रे मांजराला खपत नाही. पलंगाखालची जागा चादरी कोंबून बंद केली आणि तिच्याऐवजी एक खोका आडवा ठेवला, दोन्ही बाजूंनी भोकं पाडून. लपायला जागा द्यायची, पण आपल्याला दिसेल अशी. ट्रेमध्ये वहिनींकडचंच लिटर, त्यात जुन्या ट्रेमधलं वाटीभर वापरलेलं. कळकट वाटतं, पण त्या वासावरून ट्रे कुठे आहे ते तिला पहिल्याच रात्री कळतं. खाणं जुनंच, दोन आठवडे पुरेल इतकं वहिनींनी दिलं. बदलायचं असेल तर त्यानंतर, आठवड्याभरात थोडं थोडं मिसळत.

बाईंना एकच काम सांगितलं: कॅरियरचं दार उघडायचं, खोलीचं दार लावायचं आणि बाहेर यायचं. नंतर अधूनमधून आत जाऊन जमिनीवर बसायचं, पेपर वाचायचा, तिच्याकडे टक लावून पाहायचं नाही. ओढून काढायचं नाही, म्हणजे नाही. आणि रोज रात्री एका वहीत तीन गोष्टी लिहायच्या: किती खाल्लं, सू-शी झाली का, कुठे बसली होती.

ती वही माझ्याकडे फोटोतून यायची. पहिला दिवस: काही खाल्लं नाही, सू नाही, खोक्यात. मी बाईंना उकडलेल्या चिकनचं कोमट पाणी ठेवायला सांगितलं, मीठ-मसाला-कांदा काही नाही. कांदा-लसूण मांजराला विषारी. पहाटे वाटी रिकामी होती आणि ट्रे ओला. दुसरा दिवस: 15 ग्रॅम. तिच्या वजनाला कोरडं खाणं साधारण 50 ते 55 ग्रॅम लागायचं, म्हणजे पाव हिस्साच, पण सुरुवात झाली. तिसऱ्या दिवशी 30 ग्रॅम, शी झाली. चौथ्या रात्री ओरडणं. बाईंचा फोन: "ही तुमच्या वहिनींना बोलावतेय का हो?" रात्री घर शांत झालं की मांजर नवी जागा धुंडाळतं आणि ओरडतं, बऱ्याचदा आठवडाभर. झोपायच्या आधी दहा मिनिटं दोरीने खेळवा आणि लगेच खायला द्या, असं सांगितलं. त्याने दोन दिवसांत फरक पडला. सहाव्या दिवशी वहीत होतं: "पेपरवर येऊन बसली. वाचू दिला नाही." आठव्या दिवशी खोलीचं दार उघडलं, पुढचं घर तिला तिच्या वेगाने पाहू दिलं.

वाकडच्या त्या मुलाला मी हे सगळं नंतर सांगितलं. तो म्हणाला, आम्हाला कोणी सांगितलंच नाही. खरंच होतं ते. त्याच्या नावावर मी काट मारली नाही. पुढे त्यांनी दुसरं मांजर नेलं, या वेळी बेडरूममध्ये बंद ठेवून.

नव्या घरात आधीचं मांजर असेल तर हे सगळं दुप्पट लांबतं. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांच्या वाट्या ठेवायच्या, अंथरुणं अदलाबदल करायची, आणि गुरगुर न करता दाराशी जेवायला लागल्यावरच फटीतून समोरासमोर आणायचं. काही घरांत दोन आठवडे लागतात, काही घरांत दोन महिने.

मांजर निसटलं तर

दार उघडं राहिलं आणि मांजर गेलं, असा फोन पहिल्या महिन्यात येऊ शकतो. घरातच वाढलेलं मांजर बाहेर पडलं की सहसा लांब पळत नाही. ते पहिल्या आडोशाला दबून बसतं आणि मालकाच्या हाकेलाही उत्तर देत नाही. त्यामुळे शेजारची गल्ली धुंडाळण्याआधी त्याच इमारतीचे जिने, पार्किंगमधल्या गाड्यांखालची जागा, मीटरची खोली, पाण्याच्या टाकीमागचा भाग बघा. रात्री अकरानंतर, टॉर्च घेऊन. डोळे चमकतात. जुन्या मालकिणीला बोलवा, तिची हाक आणि खाण्याच्या डब्याचा आवाज कामी येतो. जुनं घर जवळ असेल, चालत जाण्याच्या अंतरावर, तर तिथेही नजर ठेवा. याच कारणासाठी नवं घर त्याच गल्लीत असेल तर मांजराला तीन-चार आठवडे बाहेर सोडायचं नाही.

कागद

देताना मी एक साधा कागद करते, दोन्हीकडच्या सह्यांसह. लसीचं कार्ड आणि नसबंदीचा कागद जोडायचा. ओळखपत्र पाहते, पण त्याची प्रत ठेवत नाही. त्यात मजकूर एवढाच: "मांजर घरातच ठेवू. दुसऱ्या कोणाला परस्पर देणार नाही. सांभाळणं अशक्य झालं तर कधीही, कारण न विचारता, आधी जुन्या मालकांना कळवू." कोर्टात याचं वजन किती, हा वेगळा विषय. पण "कारण न विचारता" या तीन शब्दांमुळे लोक वेळेवर फोन करतात. ते नसतील तर लाजेपोटी मांजर मासळी बाजारात नेऊन सोडलं जातं. पाळीव प्राण्याला उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, त्यामुळे कायद्याची भीती कोणाला वाटत असेल असं मला वाटत नाही.

घर मिळतच नाही, असंही होतं. मांजर बारा वर्षांचं आहे, रोज औषध लागतं, किंवा खरंच चावतं. अशा वेळी तीन-चार महिने शोधावं लागतं आणि तोवर एखाद्या नातेवाइकाकडे खर्चासह तात्पुरतं ठेवणं हाच मार्ग उरतो. औषधांचा खर्च आपण पुढेही देत राहू, असं जाहिरातीत लिहिलं तर म्हाताऱ्या मांजरांनाही घर मिळालेलं मी पाहिलंय, दोनदा.

वहिनींना भुरीला भेटायला कधी जाऊ, असं झालं होतं. मी महिनाभर थांबायला सांगितलं. रोज फोटो मागा, पण जाऊ नका. पाचव्या आठवड्यात त्या गेल्या, आजींनी दिलेला खारवलेला बोंबील घेऊन (तो बाईंनी गुपचूप फ्रीजमध्ये ठेवला, मीठ फार म्हणून). भुरीने वहिनींचे पाय हुंगले, दोन मिनिटं त्यांच्याशेजारी बसली आणि मग उठून बाईंच्या पेपरवर जाऊन आडवी झाली. वहिनी रिक्षात रडल्या. घरी पोचल्यावर आजींनी पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. 4.3 किलो.